साक्षगंधाच्या आधी कागद दाखव

घाटंजी

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, कर्जाचं होणाऱ्या नवऱ्याला लग्नानंतर सांगेन हळूहळू." मी तेव्हा काही बोलली नाही. बाजूला तुझे बाबा होते, म्हणून हे पत्र.

माझं लग्न झालं त्या वर्षी आखाडीच्या आठवड्यात तुझ्या आजोबांनी माझी पोत मागितली. पेरणी मोडली होती, दुबार पेरायला बियाणं पाहिजे होतं आणि सावकाराचं आधीचंच देणं थकलं होतं. बैठकीत "आमच्यावर कोणाचं देणं नाही" असं सांगितलं होतं. पोत मी दिली. पण घरातल्या झाडून सगळ्यांना ते देणं माहीत होतं, एकट्या मलाच नव्हतं, ते मात्र अजून जात नाही मनातून. तुझ्या बाबांना मी आजही कधीमधी विचारते, "काहून सांगतलं नाही?" ते तंबाखू मळत बसतात.

आता तुझं बघू. बचत गटाचं रजिस्टर मी नऊ वर्षं लिहिते, म्हणून तुझाही हिशोब मांडून ठेवला आहे.

तुझं शिक्षणाचं कर्ज आपण तीन लाख घेतलं. तुझ्या नर्सिंगची चार वर्षं आणि वरचं एक वर्ष हप्ता नव्हता, पण व्याज चालूच होतं, म्हणून हप्ता सुरू झाला तेव्हा चार लाख झाले होते. ६,२०० रुपये महिना तीन वर्षं भरलेस, म्हणजे सव्वादोन लाखांच्या जवळपास, तरी मुद्दल २ लाख ८० हजार उभंच आहे. दहा टक्क्यांनी अजून पावणेपाच वर्षं जातील. "थोडंसं राहिलं आहे" असं त्याला सांगू नकोस. बँकेचं स्टेटमेंट काढ आणि आकडा त्याच्यासमोर ठेव.

तू जी सांगणार नाहीस असं मला वाटतं ती म्हणजे भावाची मोटारसायकल. गाडी तो चालवतो, हप्ता तो भरतो, पण कर्ज तुझ्या नावावर आहे. मागच्या वर्षी त्याचे दोन हप्ते चुकले, तो डाग तुझ्या सिबिलवर आहे. पुढे तुम्ही नवरा-बायको मिळून घरासाठी कर्ज मागायला जाल तेव्हा बँक दोघांचंही सिबिल पाहील, आणि तुझ्या पगारातून हे दोन्ही हप्ते वजा करूनच किती द्यायचं ते ठरवेल. त्या दिवशी मॅनेजरच्या टेबलासमोर त्याला हे पहिल्यांदा कळलं तर? वर्षातून एकदा सिबिलचा रिपोर्ट फुकट मिळतो. तो काढ, दोघांनी बसून वाचा. त्याचाही माग.

बाबांचं सोसायटीचं पीक कर्ज सातबाऱ्यावर इतर हक्कात चढलेलं आहे, कोणीही पाहू शकतं. ते तुझं नाही, तू त्यावर सही केलेली नाहीस. उद्या वारस म्हणून तुझ्या वाट्याला काही आलं, तर जे आलं तेवढ्यापुरतंच देणं लागतं. तसंच लग्न झालं म्हणून तुझं कर्ज त्याच्या डोक्यावर जात नाही, त्यानं सही केली तरच जातं. हे दोन्ही त्याला सांग, नाहीतर बिचारा उगाच घाबरेल.

राहिले घरी पाठवतेस ते ४,००० रुपये. याचा कुठे कागद नाही, आणि भांडणं यावरूनच होतात. "घरी थोडे पाठवते" असं मोघम बोलू नकोस. खरं म्हणजे आम्हाला बारा महिने लागतही नाहीत. पेरणीपासून कापसाचा पहिला वेचा घरी येईपर्यंत, म्हणजे जून ते ऑक्टोबर हात तंग असतो, त्यात बाबांच्या शुगरच्या गोळ्या. दिवाळीनंतर आमचं भागतं. म्हणजे वर्षाचे वीस हजार, आणि भाऊ कामाला लागला की तेही नको. असं सांगितलं की समोरच्याला विचार करता येतो. २४,००० पगारातून हप्ता आणि हे गेले की त्या पाच महिन्यांत तुझ्या हाती १३,८०० उरतात, हेही त्याला कळू दे.

साक्षगंधाची तारीख धरायच्या आधी सांग. एकदा सुपारी फुटली, पाहुण्यांना सांगणं झालं की त्याला नाही म्हणायची सोय राहत नाही, आणि मनात गाठ राहते. व्हॉट्सॲपवर लिहू नकोस, समोर बस. ऐकून तो दोन दिवस गप्प राहिला तर राहू दे. पण "माझ्या घरी सांगू नको" म्हणाला, तर कोणापासून लपवायचं आणि काहून, ते त्याला तिथंच विचार.

भावाला मी बोलली आहे. सोयाबीनचे पैसे आले की गाडीचे उरलेले हप्ते एकदम भरून टाकतो म्हणतो. भरल्यावर बँकेकडून नाहरकत दाखला घ्यायला लावीन, तो तुझ्याकडे पाठवते. तुझी पिवळी फाईल कपाटात वरच्या खणात आहे, रविवारी येशील तेव्हा घेऊन जा.

तुझी आई