नव्या आर्थिक वर्षाच्या शुभेच्छा

सर्व सहकाऱ्यांना सस्नेह नमस्कार.

यंदा रविवारी, ३० मार्चला गुढीपाडवा, काल रमजान ईद आणि आज १ एप्रिलपासून २०२५-२६ हे आर्थिक वर्ष, असा सुरेख योग जुळून आला आहे. सरकारी भरण्यासाठी काल शाखा सुरू असल्याने काही जणांना ईदची नमाज आटोपून थेट काउंटरवर यावे लागले, तरीही त्यांनी सर्वांसाठी शीरखुर्म्याचा डबा आठवणीने आणला, याचे मनापासून कौतुक वाटते. त्यांनी या आठवड्यात बदली रजा अवश्य घ्यावी.

वार्षिक हिशेबपूर्तीमुळे आज ग्राहकांचे व्यवहार बंद आहेत. तेव्हा काम आटोपताच सर्वांनी वेळेत घरी जावे. आकड्यांविषयी आज काहीही बोलणे नाही. हे वर्ष आपणा सर्वांना व कुटुंबीयांना आरोग्याचे आणि समाधानाचे जावो.

– शाखा व्यवस्थापक