वेबर यांच्या तक्त्यातील चूक

प्रॉटेस्टंट श्रद्धेने भांडवलशाहीला बळ दिले, हे जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांचे प्रतिपादन रविवारच्या पुरवणीतील लेखात सिद्ध झाल्यासारखे मांडले आहे. पुरावा म्हणून जर्मनीतील बाडेन प्रांताच्या शाळांचा दाखला दिला आहे: तिथल्या आधुनिक शिक्षणाच्या शाळांत प्रॉटेस्टंट मुले लोकसंख्येच्या मानाने जास्त होती, असा. माझी हरकत त्या दाखल्याला आहे.

वेबर यांनी १९०४-०५ च्या निबंधात हे आकडे आपले विद्यार्थी मार्टिन ऑफेनबाखर यांच्या अभ्यासातून घेतले. आधुनिक विषयांवर भर देणाऱ्या एका शाळाप्रकारात प्रॉटेस्टंट ६९, कॅथलिक ३१ आणि ज्यू ९ टक्के विद्यार्थी, अशी नोंद त्यात आहे. बेरीज १०९ भरते! स्वीडिश इतिहासकार कुर्ट सॅम्युएल्सन यांनी १९५७ मध्ये ही चूक दाखवली. ६९ च्या जागी ५९ हवे होते.

प्रांतात प्रॉटेस्टंट सुमारे ३७ टक्केच होते, मग ५९ सुद्धा जास्तच, असे कोणी म्हणेल. पण अशा शाळा मुख्यतः प्रॉटेस्टंट वस्ती जास्त असलेल्या भागांत होत्या आणि मुले साहजिकच जवळच्या शाळेत जात. त्या त्या भागातील लोकसंख्येशी ताडून पाहिल्यास हा फरक जवळजवळ उरत नाही, असे सॅम्युएल्सन यांचे म्हणणे आहे.

वेबर यांचा सारा युक्तिवाद या तक्त्यावर उभा नाही. कॅल्व्हिन या प्रॉटेस्टंट धर्मसुधारकाच्या अनुयायांना मोक्षाविषयी वाटणाऱ्या धास्तीचे त्यांचे विवेचन आजही मुळातून वाचावे असे आहे. शाळांच्या आकड्यांबाबत मात्र पुरवणीत दुरुस्ती छापावी, ही विनंती.

- एक वाचक, सातारा