सर्टिफिकेटचे क्रेडिट पुढे डिग्रीत धरतात का? मनूला पत्र

प्रिय मनू,

काल फोनवर तू एका दमात विचारलंस, आई हा डेटा अॅनालिसिसचा बारा आठवड्यांचा कोर्स केला तर पुढे मास्टर्सला त्याचे क्रेडिट धरतील ना, आणि मी नुसतं बघून सांगते म्हटलं कारण ते हो-नाही मध्ये सांगण्यासारखं नाहीये. रात्री तू पाठवलेली कोर्सची पीडीएफ वाचली, त्या मास्टर्सची रचना पण वाचली. समकक्षता समितीत अशाच फायली माझ्यासमोर येतात, त्यामुळे तुझी फाइल टेबलावर आली असती तर आम्ही काय केलं असतं तेच लिहिते, म्हणजे तुला कळेल.

पहिली गोष्ट, पीडीएफवर मोठ्या अक्षरात "क्रेडिटसाठी पात्र" लिहिलंय ना, ते कोर्सवाल्यांनी लिहिलंय. क्रेडिट धरायचे की नाही हे ज्या विद्यापीठात तू पुढे अॅडमिशन घेशील ते ठरवतं, कोर्सवाले नाही. ते फक्त एवढंच म्हणतायत की तू क्रेडिटची मागणी केलीस तर आमची हरकत नाही. मुलं इथेच गडबडतात, पैसे भरताना ज्याने पैसे घेतले त्यालाच विचारतात, आणि तो नाही कशाला म्हणेल!

आता समिती काय बघते. आधी तास. क्रेडिट म्हणजे अभ्यासाचे तास, त्यात लेक्चर, घरचा अभ्यास, असाइनमेंट, परीक्षा सगळं आलं. युरोपातल्या ECTS या क्रेडिट पद्धतीत एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तास, आणि पूर्णवेळ वर्षाचे ६० क्रेडिट. न्यूझीलंडमध्ये एक क्रेडिट १० तासांचा, त्यांच्याकडे मायक्रोक्रेडेन्शियल, म्हणजे अशा छोट्या कोर्सचं सर्टिफिकेट, जास्तीत जास्त ४० क्रेडिटचं असतं, म्हणून तिथले ४० बघून कुणी हुरळून जाऊ नये, ते ४०० तास झाले, ECTS मध्ये पंधराच्या आसपास. तुझ्या कोर्सवर "१२ आठवडे, आठवड्याला ८ ते १० तास" असं आहे. म्हणजे ९६ ते १२० तास. जास्तीत जास्त धरलं आणि एका क्रेडिटला ३० तास असा कडक हिशोब लावला तर ४ क्रेडिट, आणि आम्ही कडकच लावतो. त्यांनी पानावर ५ लिहिलेत, पण तासांचा हिशोब त्यांचाच त्यांच्याशी जुळत नाही, समितीत कुणीतरी कॅल्क्युलेटर काढतोच.

मग लेव्हल. युरोपियन पात्रता चौकटीत आठ पायऱ्या आहेत, बॅचलर सहाव्या, मास्टर्स सातव्या. तुझ्या कोर्सवर लेव्हल ७ आहे हे चांगलंय, ६ असती तर मास्टर्समध्ये ते क्रेडिट बहुतेक ठिकाणी बसलंच नसतं, कितीही तास असू देत. पण लेव्हल लिहिलेली असणं आणि परीक्षेतून ती दिसणं वेगळं, म्हणून आम्ही प्रश्न कसे विचारलेत ते बघतो. चार पर्यायांतून टिक करायची क्विझ आणि पाहिजे तितक्या वेळा परत देता येणारी, तर लेव्हल ७ कुणालाच पटत नाही.

आणि परीक्षा कुणी दिली हेही बघतात. युरोपियन युनियनच्या कौन्सिलने जून २०२२ मध्ये मायक्रोक्रेडेन्शियलवर शिफारस काढली, त्यात सर्टिफिकेटवर काय काय असावं याची यादी आहे. शिकणाऱ्याचं नाव, देणारी संस्था, तारीख, काय शिकलं, किती तासांचं काम, लेव्हल, मूल्यांकन कसं झालं, गुणवत्ता कशी तपासली, हे सगळं सक्तीचं. पण परीक्षेच्या वेळी कुणी लक्ष ठेवून होतं का आणि ओळख तपासली का, हे त्या यादीत ऐच्छिक आहे. गंमत बघ, समितीला सगळ्यात आधी तेच हवं असतं! त्यामुळे कितीतरी सर्टिफिकेटांवर ते नसतं, आणि मग फाइल "अधिक माहिती मागवावी" या शेऱ्यावर अडकून पडते.

आता खरी मेख. हे सगळं पार पडलं आणि समजा ४ क्रेडिट मान्य झाले, तरी प्रश्न राहतोच की ते डिग्रीत बसवायचे कुठे. तू बघितलेल्या मास्टर्सची रचना अशी आहे, एकूण १२० क्रेडिट, त्यात ७८ सक्तीचे विषय, ३० प्रबंध आणि १२ इलेक्टिव्ह. सक्तीचे आणि इलेक्टिव्ह सगळे विषय सहा-सहा क्रेडिटचे.

तू म्हणतेस स्टॅटिस्टिक्सचा पेपर सुटेल. मी दोन्ही अभ्यासक्रम शेजारी ठेवून ओळ न् ओळ लावली. त्यांच्या पेपरात प्रॉबॅबिलिटी, सॅम्पलिंग, हायपोथेसिस टेस्टिंग, रिग्रेशन आणि शेवटी सुपरवायझरसमोर लेखी परीक्षा. तुझ्या कोर्सात डेटा साफ करणं, चार्ट, एसक्यूएल, सरासरी-मध्यक वगैरे, आणि शेवटच्या दोन आठवड्यात साधं रिग्रेशन. सारखं काय, तर रिग्रेशन, आणि तेही अर्धवट. एसक्यूएल कितीही चांगलं शिकवलं असलं तरी ते प्रॉबॅबिलिटीच्या जागी बसत नाही. ४ क्रेडिट ६ च्या पेपरला कमी पडतात हा भाग नंतरचा, आधी विषयच जुळत नाही. सक्तीच्या पेपराला नाही हे मी डोळे मिटून सांगते.

मग इलेक्टिव्हमध्ये घाला म्हणशील. घालू, पण १२ इलेक्टिव्ह म्हणजे सहाचे दोन पेपर. तुझे ४ धरले तर उरले ८. एक पेपर केला की ६, झाले १०. अजून २ हवेत आणि दोन क्रेडिटचा पेपर त्यांच्याकडे नाही, म्हणून दुसराही पेपर करावाच लागणार. म्हणजे तू १६ करून १२ दाखवणार! सर्टिफिकेट मान्य झालं, ट्रान्सक्रिप्टवर छापलं गेलं, आणि तुझा एकही पेपर कमी झाला नाही. ना फी वाचली ना वेळ. एसटीच्या पासाला सवलत मिळाली पण आपल्या गावाला ती बसच जात नाही, तसला प्रकार.

अशी फाइल आली की मुलगा किंवा मुलगी म्हणते पण मॅडम तुम्हीच तर मंजूर केलंत. केलं ना, क्रेडिट मंजूर केले, पेपर माफ केला नाही, दोन वेगळ्या रांगा आहेत त्या.

अजून एक बारीक भेद आहे तो लक्षात ठेव, सूट आणि क्रेडिट. काही ठिकाणी म्हणतात तुला हा विषय येतो, परत बसू नको, पण त्या ६ क्रेडिटच्या जागी दुसरा विषय घे. ती सूट झाली, ओझं तेवढंच राहिलं. क्रेडिट दिले तरच आकडा कमी होतो. मेलवर "एक्झेम्प्शन" शब्द दिसला तर खुश होण्याआधी विचार की क्रेडिट मोजणार की बदली विषय घ्यायचा. आणि ट्रान्सफर झालेल्या क्रेडिटला ग्रेड बऱ्याचदा देत नाहीत, नुसतं पास लिहितात, म्हणजे तुझ्या कोर्समधल्या चांगल्या मार्कांचा सरासरीला उपयोग शून्य. त्यावर रडायचं काही कारण नाही, फक्त हिशोबात धरू नको.

मग कुठे नीट चालतं? जिथे सर्टिफिकेट आणि डिग्री एकाच घरची असते तिथे. एमआयटीच्या सप्लाय चेन मॅनेजमेंटच्या मायक्रोमास्टर्सचंच घे, ऑनलाइन कोर्स आणि शेवटची परीक्षा पार केली की त्यांच्याच मास्टर्सच्या एका सेमिस्टरच्या जागी ते धरतात आणि कॅम्पसवर उरलेली एकच सेमिस्टर करायची. पण अॅडमिशनचा अर्ज वेगळा करावा लागतो आणि तो मंजूर होईलच असं नाही, हे लोक विसरतात. तिथे चालतं कारण कोर्स बनवतानाच डिग्रीतली जागा ठरवून ठेवलेली होती.

आपल्याकडच्या क्रेडिट बँकेबद्दलही विचारलं होतंस. तिथे नोंदलेल्या संस्थांचेच क्रेडिट जमा होतात, जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात आणि एकदा एका डिग्रीसाठी वापरले की खात्यातून वजा होतात, तेच परत दुसरीकडे दाखवता येत नाहीत. खातं असलं म्हणजे ते कुठल्याही डिग्रीत घुसतील असं नाही, ते ठरवणारं विद्यापीठच.

तुला आता काय करता येईल ते सांगते. कोर्सवाल्यांना विचारणं सोड, त्या मास्टर्सच्या विभागाला मेल कर. "माझा कोर्स मान्य आहे का" असं विचारलंस तर "अॅडमिशन झाल्यावर बघू" एवढंच उत्तर येईल, त्यापेक्षा असं विचार की इलेक्टिव्हच्या १२ पैकी बाहेरचे किती क्रेडिट चालतात, छोटे क्रेडिट एकत्र जोडून सहाचा पेपर भरता येतो का, आणि किती वर्षांपूर्वीचं सर्टिफिकेट चालतं. एकत्र जोडता येत असेल तर मग चित्र बदलतं, त्याच संस्थेचा दोन क्रेडिटचा छोटा कोर्स पण आहे, ४ आणि २ मिळून ६ होतील आणि एक पूर्ण इलेक्टिव्ह सुटेल. ते लेखी घे, फोनवर कुणी काहीही म्हणालं तरी त्याला अर्थ नाही.

आणि कोर्स करायचाच ठरला तर पहिल्याच दिवशी अभ्यासक्रमाचं पान, तास, लेव्हल, परीक्षेचे नियम सगळं पीडीएफ करून ठेव. माझ्यासमोर गेल्या महिन्यात एक फाइल आली, सुंदर रंगीत सर्टिफिकेट, खाली सही, क्यूआर कोड, आणि कोड स्कॅन केला तर पान सापडत नाही. अभ्यासक्रम त्या मुलाकडे नव्हता, संस्थेने तो कोर्स बदलून दुसऱ्याच नावाने सुरू केला होता, आता नवीन अभ्यासक्रम बघून जुना काय होता ते आम्ही कसं ठरवायचं? त्याने अभ्यास केला असणार यात मला शंका नाही, पण समितीला कागद लागतो. नाव पण पासपोर्टवर आहे तसंच टाक, "मनू" नको टाकू, तू टाकशील म्हणून सांगतेय.

माझं मत विचारशील तर एसक्यूएलसाठी आणि कामासाठी कोर्स कर, तो चांगला दिसतोय. पण क्रेडिटवाल्या व्हर्जनला ते जे जास्तीचे पैसे मागतायत ते विभागाचं उत्तर येईपर्यंत भरू नको. पानावर लिहिलंय की साधं व्हर्जन घेतलं तरी चौथ्या आठवड्यापर्यंत फरक भरून बदलता येतं, म्हणजे घाई नाहीये. मेलचा मसुदा केलास की आधी मला पाठव, आणि उत्तर आलं की जसंच्या तसं फॉरवर्ड कर, तुझ्या शब्दात सांगू नको.

आई