पेठेतलं पाणी

प्रिय शालन,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. ‘पुण्यात करमतं का’ असं विचारलं आहेस. दिवसा नाही करमत गं. मुलगा-सून कामावर, नातू क्लासला आणि मी तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत. पण पाच वाजले की चपला घालते आणि शुक्रवार पेठेत उतरते. सूनबाई म्हणते, “आई, बागेत जा, तिथे बाकं आहेत.” बागेत नुसत्या गोल फेऱ्या कोण मारणार?

आधी माझं लक्ष नावांकडे गेलं. इथे काळा हौद, पलीकडे पंचहौद, कसब्यात साततोटी, बाहुलीचा हौद वेगळाच. पत्ता सांगताना लोक सहज हौदाचं नाव घेतात. आपण माणदेशातल्या, टँकरमागे घागर घेऊन धावलेल्या. मला तर प्रश्न पडणारच, की एवढ्या हौदांना पाणी पुरवत कोण होतं?

उत्तर खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी दिलं. ते वाड्यातच वाढले. वाडा पाडून उभ्या राहिलेल्या याच इमारतीत आता राहतात. हे पाणी कात्रजहून यायचं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, 1750 च्या सुमारास, कात्रजला तलाव बांधून तिथून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून बांधीव नळ आणला. नळ म्हणजे आपली तोटी समजू नकोस. दगड-चुन्याचं भुयारच ते, काही ठिकाणी माणूस उभा राहून चालेल एवढं. पंप नाही, इंजिन नाही. कात्रज उंचावर, नदीकाठ खाली, म्हणून पाणी आपसूक यायचं. वाटेत हौद भरायचे, वाड्यांतल्या आडांनाही ते मिळायचं.

भूगोल शिकवण्यात जन्म गेला, तरी हा उतार मला नकाशावरून नाही, गुडघ्यांनी समजावला. मंडईवरून शनिवारवाड्याकडे जाताना पाय हलके पडतात, परतताना मात्र तीच वाट जड जाते. मला वाटायचं दमले असेन. डोळ्यांना रस्ता सपाटच दिसतो! पण पाण्याला तेवढा उतारही पुरतो.

या नळाला ठरावीक अंतरावर वर उघडणारे झरोके ठेवलेले होते. त्यांना उच्छ्वास म्हणतात. बंद नळात हवा कोंडली की पाणी अडतं, म्हणून तिला वर जायला वाट हवी. शिवाय तिथूनच माणूस आत उतरून गाळ काढायचा. आजोबांना हे इतकं तपशिलात ठाऊक, की मी त्यांना आमच्या सातवीच्या वर्गावर नेलं असतं. पुढे वस्ती दाटली, सांडपाणी नळात झिरपू लागलं, खडकवासल्याचं पाणी घरोघर आलं आणि हौदांकडे बघायला कोणी उरलं नाही. काही बुजवले, काहींची फक्त नावं उरली.

खरं सांगायचं ते बाहुलीच्या हौदाचं. दगडूशेठच्या गर्दीतून वाट काढत फरासखान्याजवळ पोचले. फुलवाल्याला विचारलं, तर त्याने गाड्यांच्या आडून हात दाखवला. मला वाटलं होतं, लहान मुलांच्या खेळासाठी काहीतरी असेल. पण बाहुली हे एका मुलीचं लाडाचं नाव. काशीबाई तिचं खरं नाव. डॉ. विश्राम रामजी घोले यांची ती मुलगी. ते नावाजलेले शस्त्रवैद्य, जोतीरावांच्या सत्यशोधक समाजातले. मुलीला त्यांनी शिकवायला घेतलं, ते नातलगांना खपलं नाही. आठ-नऊ वर्षांची असतानाच ती गेली. लाडवातून काच घातली असं सांगतात. खरंखोटं देव जाणे, पण शिकणाऱ्या पोरीबद्दल असं बोललं जावं इतका राग होता हे तर खरंच ना?

तिच्या आठवणीसाठी बापाने हौद बांधला आणि सगळ्या जातींना खुला ठेवला. शालन, मी तिथे रिक्षांचे हॉर्न ऐकत बराच वेळ उभी होते. आपल्या शाळेतल्या त्या दोन माठांचं आठवलं. एकातलं पाणी कुणी प्यायचं आणि दुसऱ्यातलं कुणी, हे पोरांना कुणी सांगावं लागत नव्हतं. तू रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात दोन्ही माठ एकाच तिवईवर ठेवलेस आणि वर्षभर पाटलांच्या घरचं बोलणं खाल्लंस. मी तेव्हा गप्प बसून बघत होते.

आता गंज पेठेत जायचंय, फुल्यांच्या वाड्यात. 1868 मध्ये त्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, तो तिथलाच. आमच्या घरापासून फार लांब नाही, पण मुद्दाम राखून ठेवलंय. दिवाळीनंतर तू येणारच आहेस, तेव्हा दोघी जाऊ. एसटीने स्वारगेटला उतर, मी घ्यायला येईन. आणि बाजरीचं पीठ आण, इथल्या पिठाची भाकरी थापताना चिरते.

तुझी,
मंदा