कोंबड्यांच्या शेडसाठी कर्जाचा अर्ज

बेळगाव

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

बँकेचा अर्ज लिहून झाला. तो इंग्रजीत आहे आणि बाबांच्या सहीशिवाय पुढं जाणार नाही, म्हणून आत काय लिहिलंय ते आधी सांगते.

पहिल्यांदा मी फक्त शेड आणि खाद्यपाण्याच्या भांड्यांचे साडेतीन लाख मागितले होते. बँकेतल्या बाईंनी वाचून विचारलं, "पिल्लं खाणार काय?" शेडवरच पैसा संपला की खाद्य उधारीवर उचलावं लागतं आणि दुकानदार लावेल तो भाव मुकाट द्यावा लागतो. म्हणून आता दोन मागण्या केल्यात: शेडला मुदत कर्ज आणि पहिल्या बॅचला खेळतं भांडवल.

हजार पिल्लांचे पस्तीस हजार धरलेत. विक्रीपर्यंत एक पक्षी साडेतीन किलो खाद्य खातो, म्हणजे पन्नास किलोची सत्तर पोती, एक लाख चाळीस हजार. खाली पसरायचा तूस, लस, औषध, वीज यांचे पंधरा हजार. एकूण एक लाख नव्वद हजार. पन्नास पक्षी मरतील असं धरूनच हिशेब केलाय. उरलेले साडेनऊशे बेचाळीस दिवसांत सव्वादोन किलोच्या आतबाहेर भरतात, पण मी दोन किलो शंभर ग्रॅमच धरलेत. म्हणजे किलोला पंच्याण्णवच्या थोडं वर मिळाले तर खर्च निघतो, त्याखाली तोटा. हा आकडा मी अर्जात लपवला नाही.

श्रावणात भाव पडतो. त्या महिन्यात माल निघणार नाही अशा बेतानं पिल्लं टाकायची. बॅच निघाली की शेड धुऊन पंधरा दिवस रिकामं ठेवायचं, म्हणजे पैसा दोन महिन्यांनी हातात येतो. म्हणून हप्ता महिन्याचा नको, दोन महिन्यांचा द्या आणि पहिल्या विक्रीनंतर सुरू करा, असं लिहिलंय.

मला खरी भीती आपल्या पावसाची आहे. खानापूरकडच्या एका शेडात गेले होते. झड येते म्हणून पडदे दिवसरात्र बंद, तूस मुठीत धरला तर त्याचा गोळा झाला. आत पाय ठेवताच डोळे चुरचुरले. तो अमोनिया. अशा ओल्यातच पिल्लांना रक्ताची हगवण लागते. म्हणून पत्रा चार फूट बाहेर काढायचा, पडदा खालून वर सरकणारा बसवायचा, वर हवा मोकळी राहते. तो खर्च मी कमी केलेला नाही.

बाबा, दोन लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला बँक तारण मागत नाही, पण आपली रक्कम त्याच्या वर जाते. शेताचा पहाणी-उतारा तुमच्या नावावर आहे, म्हणून ओढ्याकडचा तुकडा गहाण पडेल आणि सही केलीत की कर्जाला तुम्हीही बांधील. मनाला पटत नसेल तर स्पष्ट सांगा. मी कमी पक्ष्यांचा अर्ज करीन, तारणाशिवाय बसेल एवढाच.

रविवारी येते. आई, पहाणीचा कागद आणि बाबांचं आधार पेटीतून काढून ठेव.

तुमची लेक