काटे थांबवा, पण कोणत्या वेळेवर?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दर मार्चमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत एक चौकट हमखास येते : अमेरिकेत आणि युरोपात घड्याळे तासभर पुढे किंवा मागे केली जाणार. कारण म्हणून बहुतेक वेळा ‘शेतकऱ्यांच्या सोयीसाठी’ असे लिहिलेले असते, आणि जोडीला बेंजामिन फ्रँकलिनचे नाव. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत, म्हणून हे पत्र.

फ्रँकलिनने १७८४ मध्ये पॅरिसच्या एका वृत्तपत्राला लिहिले ते चेष्टेने. पॅरिसकर दुपारपर्यंत लोळतात आणि रात्री मेणबत्त्या जाळतात. त्यांना तोफा उडवून पहाटे उठवा, खिडक्यांच्या झडपांवर कर लावा, असा तो सगळा मामला. घड्याळाला हात लावायचे त्याने सुचवलेच नव्हते. ती कल्पना पुढे न्यूझीलंडमधल्या जॉर्ज हडसन या टपाल खात्यातल्या माणसाने १८९५ मध्ये मांडली. त्याला किडे गोळा करण्याचा नाद होता आणि कामावरून सुटल्यावर उजेड हवा होता. त्याच्याशी काही संबंध नसताना इंग्लंडमध्ये विल्यम विलेट या बांधकाम व्यावसायिकाने १९०७ मध्ये पुस्तिका छापली. उन्हाळ्यात भल्या सकाळी घोड्यावरून रपेट करताना त्याला घरोघरी पडदे ओढलेले दिसत. त्याची योजना मात्र आजच्यासारखी नव्हती. एप्रिलच्या चार रविवारी प्रत्येकी वीस मिनिटे घड्याळ पुढे करायचे आणि सप्टेंबरमध्ये तसेच हळूहळू मागे आणायचे, असे त्याचे म्हणणे होते. म्हणजे वर्षातून आठ वेळा काटे फिरवायचे! पार्लमेंटने ते मानले नाही आणि १९१५ मध्ये विलेट वारला.

जे विलेटला जमले नाही ते महायुद्धाने केले. ३० एप्रिल १९१६ च्या रात्री जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरीने अकराचे बारा केले. दिव्यांसाठी जळणारा कोळसा त्यांना वाचवायचा होता. शत्रू वाचवतो तर आपण का नाही, म्हणून तीन आठवड्यांत ब्रिटननेही तेच केले. अमेरिकेने १९१८ मध्ये कित्ता गिरवला. दुसऱ्या महायुद्धात तर आपणही यात होतो. १९४२ ते १९४५ या काळात भारतातली घड्याळे तासभर पुढे होती. घरातल्या खूप म्हाताऱ्या माणसांना अजून आठवत असेल.

शेतकऱ्यांचे म्हणाल तर अमेरिकेत या प्रकाराला सर्वांत कडवा विरोध त्यांनीच केला. गवतावरचे दव सुकल्याशिवाय कापणी करता येत नाही आणि दव सुकते ते सूर्याने. घड्याळ तासभर पुढे गेल्यामुळे मजूर दव सुकायची वाट पाहत सकाळचा तास बसून काढत आणि संध्याकाळी ठरल्या वेळेला निघून जात. गायी जुन्याच वेळेला पान्हा सोडत, पण दूध नेणारी आगगाडी तासभर आधी येई. युद्ध संपताच १९१९ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायद्यातला घड्याळ पुढे करण्याचा भाग रद्द केला, तोही अध्यक्ष विल्सन यांचा नकाराधिकार झुगारून. घड्याळ पुढे हवे होते ते शहरातल्या दुकानदारांना आणि मैदानी खेळवाल्यांना. लखलखीत संध्याकाळ असली की लोक बाहेर पडतात आणि खर्च करतात. हे कारण आजही तितकेच खरे आहे.

आपल्याला हे सगळे विचित्र वाटते कारण आपण विषुववृत्ताच्या जवळ आहोत. मुंबईत सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान अकरा तासांचा. लंडनला तोच फरक जवळपास नऊ तासांचा. तिथे जूनमध्ये घड्याळ पुढे केले नाही तर सूर्य पावणेचारला उगवतो, लोक सहा-सात वाजेपर्यंत झोपलेले असतात आणि तेवढा उजेड फुकट जातो. त्यामुळे मूळ कल्पना मूर्खपणाची नव्हती हे मान्य करायला हवे. प्रश्न आहे तो पदरात काय पडते याचा.

वीज वाचते का? अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात हे पडताळून पाहायची चांगली संधी मिळाली. २००६ पूर्वी तिथले बहुतेक जिल्हे घड्याळ बदलत नव्हते, काही बदलत होते. २००६ पासून सगळे बदलू लागले. म्हणजे जुने आणि नवे एकाच राज्यात, एकाच हवेत शेजारी-शेजारी ठेवून पाहता आले. कॉचेन आणि ग्रँट या दोन अर्थशास्त्रज्ञांनी घरांची विजेची बिले तपासली, तर वापर कमी होण्याऐवजी एक टक्क्याच्या आसपास वाढलेला निघाला. दिव्यांची वीज वाचली हे खरे, पण लोक तापलेल्या संध्याकाळी घरी परतून एसी लावत होते आणि वसंत-शरदातल्या थंड, अंधाऱ्या सकाळी हीटर. विलेटच्या काळात घराघरांत एसी नव्हते. अमेरिकी ऊर्जा खात्याच्या २००८ च्या अहवालात उलट थोडी बचत दिसली, पण २००७ मध्ये उन्हाळी वेळ, म्हणजे तासभर पुढे केलेले घड्याळ, चार आठवड्यांनी लांबवून वाचलेली वीज वर्षाच्या एकूण वापराच्या ०.०३ टक्के होती. एवढ्यासाठी अख्ख्या देशाची झोप मोडायची का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

झोपेवरून आठवले. घड्याळ पुढे केल्यानंतरच्या सोमवारी हृदयविकाराचे झटके २४ टक्क्यांनी वाढतात, हा आकडा समाजमाध्यमांवर फार फिरतो. तो मिशिगनमधल्या एका अभ्यासातला आहे. पण त्याच अभ्यासात पूर्ण आठवड्याची बेरीज बदललेली नव्हती. जे झटके त्या आठवड्यात कधीतरी यायचे ते सोमवारी आले, इतकेच. म्हणून माझ्या दृष्टीने त्यापेक्षा वजनदार मुद्दा वेगळा आहे. आपले शरीर सकाळच्या उजेडावर आपले घड्याळ लावते. काटे पुढे नेले की सकाळ अंधारी होते, संध्याकाळ लांबते आणि झोप उशिरा येते. कचेरी आणि शाळा मात्र काट्यावर भरतात. हा त्रास एका सोमवारचा नसून सात-आठ महिन्यांचा असतो. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संस्थेने २०२० मध्ये भूमिका घेतली तीही याच आधारावर : बदल बंद करा आणि वर्षभर प्रमाणवेळ, म्हणजे पुढे न केलेली हिवाळ्यातली वेळ, ठेवा.

आणि इथेच खरी गोम आहे. बदल नको यावर तिकडे बऱ्यापैकी एकमत आहे. २०१८ मध्ये युरोपीय आयोगाने लोकांना विचारले तेव्हा ४६ लाख उत्तरे आली आणि त्यातल्या ८४ टक्के लोकांनी ‘बंद करा’ म्हटले (त्यातली जवळपास ३० लाख उत्तरे एकट्या जर्मनीची होती, हेही ध्यानात घ्यावे). २०१९ मध्ये युरोपीय संसदेने ४१० विरुद्ध १९२ मतांनी होकार दिला आणि २०२१ ही मुदतही ठरवली. तरी काही झाले नाही, कारण कोणत्या वेळेवर थांबायचे हे सदस्य देशांना ठरवता आले नाही. पोलंडपासून स्पेनपर्यंत एकच घड्याळ चालते. कायमची हिवाळी वेळ ठेवली तर वॉर्सात जूनमध्ये सव्वातीनला उजाडेल. कायमची उन्हाळी ठेवली तर स्पेनच्या पश्चिम टोकाला विगोमध्ये जानेवारीत दहा वाजून गेले तरी सूर्याचा पत्ता नसेल.

सामान्य माणसाला विचारले तर तो बहुधा उन्हाळी वेळच मागतो. जूनमधली लांब संध्याकाळ त्याच्या डोळ्यांसमोर असते, जानेवारीतली सकाळ नसते. पण हा प्रयोग होऊन गेला आहे आणि एकदा नव्हे. ब्रिटनने १९६८ पासून तीन वर्षे घड्याळ मागेच नेले नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेला हिवाळ्यात दहाच्या सुमारास उजाडू लागले आणि १९७० मध्ये पार्लमेंटने ३६६ विरुद्ध ८१ मतांनी तो संपवला. रशियाने २०११ मध्ये कायमची उन्हाळी वेळ घेतली आणि २०१४ मध्ये सोडली.

सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेचे. अरब देशांनी तेल रोखल्यावर निक्सन सरकारने ६ जानेवारी १९७४ पासून, ऐन हिवाळ्यात, घड्याळे पुढे केली आणि दोन वर्षे तशीच ठेवायचे ठरवले. डिसेंबरमध्ये ७९ टक्के लोकांचा याला पाठिंबा होता. मग शाळा उघडल्या. मुले मिट्ट काळोखात रस्त्याकडेला बसची वाट पाहू लागली, आया हातात विजेऱ्या घेऊन सोबत उभ्या राहू लागल्या. फ्लोरिडात मुले गाड्यांखाली सापडल्याच्या बातम्या येताच तिथल्या गव्हर्नरांनी कायदा मागे घ्या म्हणून मागणी केली. फेब्रुवारीत पाठिंबा ४२ टक्क्यांवर आला होता. त्याच ऑक्टोबरमध्ये अध्यक्ष फोर्ड यांनी हिवाळ्यापुरती प्रमाणवेळ परत आणली. डेट्रॉइटसारखे शहर घ्या, जिथे आपली मराठी मंडळी मोटार उद्योगात बरीच आहेत. ते आपल्या वेळपट्ट्याच्या पश्चिम कडेला आहे, त्यामुळे जानेवारीच्या सुरुवातीला तिथे प्रमाणवेळेनेही आठला सूर्य उगवतो. कायमची उन्हाळी वेळ म्हणजे नऊ. शाळेचा पहिला तास तोवर संपलेला असेल.

याचा उलटा पुरावाही द्यायला हवा. तुर्कस्तान २०१६ पासून वर्षभर उन्हाळी वेळेवर आहे आणि अंधाऱ्या सकाळींबद्दल कुरकुर असूनही टिकून आहे. मेक्सिकोने २०२२ मध्ये बहुतेक देशात बदल बंद केला तो मात्र प्रमाणवेळेवर थांबून, आणि तिथे उत्तरेकडच्या देशांइतका दिवस लहान-मोठा होत नाही म्हणून ते सोपेही गेले.

हे सगळे पुण्यात बसून कशाला, असे कोणी विचारील. आमच्या सोसायटीत निम्म्या घरांत कोणी ना कोणी अमेरिकेच्या किंवा युरोपच्या वेळेने काम करते. अमेरिका घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे करते, युरोप शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे न्यूयॉर्कची बैठक आपल्याकडे तासभर आधी येते आणि लंडनची जुन्याच वेळेला राहते. दोन्हीकडची माणसे एकाच कॉलवर असली की कोणीतरी तासभर ताटकळतेच. आपण काटा हलवत नाही, पण आपली जेवणाची वेळ त्यांच्या काट्याने हलते.

शेवटी कायद्यातली एक गोष्ट, जी या बातम्यांत कधी येत नाही. अमेरिकेच्या १९६६ च्या कायद्याप्रमाणे कोणत्याही राज्याला वर्षभर प्रमाणवेळेवर राहायची मुभा आहे, त्यासाठी वॉशिंग्टनची परवानगी लागत नाही. ॲरिझोना १९६८ पासून तसेच राहते, हवाईही. कायमच्या उन्हाळी वेळेसाठी मात्र काँग्रेसने कायदा बदलावा लागतो. २०२२ च्या मार्चमध्ये सिनेटने तसे विधेयक एकमुखाने संमत केले, पण प्रतिनिधीगृहाने ते हातीच घेतले नाही. फ्लोरिडाच्या विधिमंडळाने २०१८ मध्येच कायमची उन्हाळी वेळ मंजूर करून ठेवली आहे आणि वर्षातून दोनदा काटे फिरवत ते राज्य काँग्रेसच्या संमतीची वाट पाहते आहे. प्रमाणवेळेवर थांबायचे असते तर ते त्याच वर्षी थांबू शकले असते.

आपला,
एक वाचक, पुणे