भोसरीच्या काकांकडून लिहून घे

चि. सोनू,

आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. मी रविवारपर्यंत साताऱ्यातच आहे. काल फोनवर आपलं उगाच वाजलं, म्हणून शांतपणे लिहितोय.

"काका आपलेच आहेत, दिवाळीला फराळाच्या पेट्या वेळेवर छापून देतील," असं तू म्हणालीस. देतीलही. पण दसऱ्यानंतर पुण्यातले सगळे फराळवाले त्यांच्या दारात असतात, आणि ज्याची ऑर्डर कागदावर आणि ॲडव्हान्स जमा, त्याचंच काम आधी लागतं. म्हणून लिहून घे.

त्यांना छपाईचं विचारू नकोस. आपल्या पेट्या ते अर्ध्या दिवसात छापतील. अडतं ते पंचिंगला आणि पेस्टिंगला, कारण तिथे हात लागतात आणि सणाला माणसं गावी जातात. तेव्हा पंचिंग-पेस्टिंगचे दिवस आपल्या नावावर माग, तारखांसकट.

माल मागायचा तो तीन भागांत. गेल्या वर्षी एक किलोच्या 9,000 पेट्या गेल्या, यंदा 12,000 धरू. त्यातल्या 6,000 पक्क्या: नवरात्राआधी पूर्ण करून, सपाट गठ्ठ्यांत त्यांच्याच गोदामात. पुढच्या 3,000 चा नुसता कोरा बोर्ड आपल्यासाठी बाजूला. शेवटच्या 3,000 साठी फक्त मशीनचा दिवस. या दोन्हींचं आपण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कळवायचं. नाही कळवलं तर बोर्ड आणि दिवस दोन्ही त्यांचे. याला ते तयार होतील, कारण कोरा बोर्ड कुणाच्याही कामाला लागतो. छापलेली पेटी मात्र आपल्याशिवाय कुणाला चालत नाही. त्या 6,000 उचलल्या नाहीत तरी पैसे आपण द्यायचे, हे तूच आधी म्हण. तेवढं आपण बांधून घेतलं, तरच तेही स्वतःला बांधून घेतील.

पेटीवर किंमत आणि पॅकिंगची तारीख छापू नकोस, ती स्टिकरवर. ऐनवेळी तुपाचा भाव चढला तर छापलेला गठ्ठा वाया जायला नको.

परतीचा पाऊस झाला की बोर्ड ओल धरतो, वाकतो, डिंक सुटतो. गठ्ठे फळीवर, प्लास्टिकमध्ये ठेवायला सांग. तपासताना वरची पेटी घेऊ नकोस, गठ्ठ्याच्या मधली काढून घडी घाल. घडीवर छपाई तडकली किंवा चिकटवलेली बाजू उघडली तर तिथेच दाखव.

फार उपदेश झाला, रागावू नकोस. दुकान तू माझ्यापेक्षा नेटकं चालवतेस, हे आईला मी रोज सांगतो. तुला नाही सांगत. आजी तर नर्सलासुद्धा सांगते, नात चकलीचं पीठ हाताला लावून ओळखते म्हणून.

पण तारखा लिहून घेतल्यास का? मशीन बंद पडलं तर काका कुठून करून देणार, तेही त्याच कागदावर घे. ॲडव्हान्स त्यानंतर. कागदाचा फोटो मला पाठव.

बाबा